पावणेआठची मीटिंग, आठचा पगार: मधला पाव तास कुणाचा?

शिरोली_फाटा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. आमच्या खात्यात रोज डबा खाताना एका गोष्टीवरनं भांडण लागतंय, म्हणून इथं विचारतोय.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करायला आहे, पर्मनंट. ड्युटी आठ ते साडेचार, बारा ते साडेबारा जेवण, आठवड्याला एक सुट्टी. आता सकाळचं ऐका. साडेसातला मेन गेट. तिथनं पॅटर्न स्टोअर, मग सँड प्लांटला वळसा, मग स्क्रॅप यार्डाच्या कडेनं आमचं खातं. चालत सात मिनिटं लागतात, पावसात जास्त. पुढं लॉकर रूममध्ये कपडे बदलायचे. सेफ्टी शूज, लेदर अ‍ॅप्रन, लेग गार्ड, मास्क. हे सगळं घालून पावणेआठला लायनीत उभं राहायचं. सुपरवायझर कालचं रिजेक्शन सांगतो, सुरक्षेचं काहीतरी वाचतो, शपथ होते, रजिस्टरला सही. मग आठला काम.

पंचिंग मशीन आधी गेटवर होतं. दिवाळीनंतर ते उचलून आमच्या खात्याच्या दारात लावलं. पगार आठपासून. आणि गंमत म्हणजे पावणेआठच्या लायनीत नसलो की लेट मार्क. तीन लेट मार्कला अर्धा दिवस कट.

तर चालणं, कपडे आणि मीटिंग या तिन्हींतलं कामाच्या वेळेत काय धरतात? का काहीच नाही?

नादखुळा_७

घरातनं निघाल्यापासनं धरा की राव. बायको डबा देऊस्तोवर उंबऱ्यात थांबतोय तो वेळ डबल ओटीत घाला.

रंकाळ्यावरचा

गंमत सोडा, कायदा तसाच आहे. घरातून कामावर जाताना अपघात झाला तर तो कामावरचा अपघात धरतात, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. माझ्या साडूला सांगली फाट्यावर ट्रकनं उडवलं होतं, तेव्हा ईएसआयनं सगळं दिलं. म्हणजे घर ते कंपनी हा रस्ताच कामाचा असेल, तर गेटच्या आतलं चालणं कामाचं नाही असं कोण म्हणेल? सरळ केस टाका.

उद्यमनगरी

मी बाजू घेणार आहे ती कुणाला आवडणार नाही. माझी स्वतःची छोटी फौंड्री आहे, ३८ माणसं. पावणेआठची मीटिंग आम्ही हौसेनं घेत नाही. ज्यांना कास्टिंग देतो त्या मोठ्या कंपन्यांचा ऑडिटर येतो आणि पहिल्यांदा टूलबॉक्स टॉकचं, म्हणजे याच मीटिंगचं, रजिस्टर मागतो. रजिस्टर नसेल तर मार्क जातात, मार्क गेले तर ऑर्डर जाते. आणि त्या मीटिंगमध्ये काय सांगतो? लेडल ओला ठेवू नका, चष्मा घाला. ज्याचे डोळे वाचणार त्यालाच त्याचे पैसे द्यायचे?

आणि आठलाच मीटिंग का घेत नाही असं विचारणाऱ्यांनी एकदा भट्टीजवळ उभं राहून बघावं. एसजी आयर्नला, म्हणजे एका जातीच्या बिडाला, मॅग्नेशियम मारलं की दहा मिनिटांच्या आसपास ओतून मोकळं व्हावं लागतं, नाहीतर त्याचा गुण उतरतो आणि अख्खा हीट स्क्रॅपला. मेटल तयार आणि माणसं शपथ घेताहेत, हे कसं चालणार?

टाइमऑफिस_निवृत्त

या धाग्यावर लिहायचा मोह आवरत नाही. मी एकतीस वर्षं टाइम ऑफिसला काढली, त्यातली पहिली बारा कागदी मस्टरवर.

रंकाळ्यावरचा यांनी सांगितलेलं खरं आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. अपघाताच्या भरपाईसाठी कामाची हद्द गेटबाहेर ताणली जाते, हे सुप्रीम कोर्टानं १९५८ च्या सौराष्ट्र सॉल्टच्या प्रकरणात मांडलं. ईएसआय कायद्यात तर २०१० साली कलम ५१-ई घालून घर ते कामाची जागा हा रस्ताच आत घेतला. तुमच्या साडूंना मिळालं ते त्यामुळं. पण अपघाताला जे कामाचं धरलं ते पगारालाही धरायचं, असं कुठंच म्हटलेलं नाही. तसं असतं तर गारगोटीवरनं येणाऱ्याला रोज तीन तास ओटी द्यावा लागला असता.

आता मूळ प्रश्न. शिरोली_फाटा, चालणं आणि कपडे जरा बाजूला ठेवा. तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पावणेआठला नसलो की लेट मार्क, आणि तीन लेट मार्कला पगार कट. यावर मला तीन गोष्टी सांगा. कट पगारपत्रकावर दिसतो का? कोणत्या नावानं दिसतो? आणि गेटजवळच्या बोर्डावर कामाच्या वेळेची जी नोटीस लावलेली असते, तिच्यावर काय लिहिलंय?

कागलची_सुमी

मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत सूतगिरणीत आहे, रिंग फ्रेमला. आम्हाला साडी नाही चालत, ड्रेस आणि वरनं अ‍ॅप्रन. मी घरातनंच युनिफॉर्म घालून येतो, कंपनीच्या बसमध्ये सगळ्याजणी तशाच. आत आल्यावर फक्त टोपी आणि मास्क. दोन मिनिटांचं काम. त्याचे पैसे मागायचे म्हटलं तर मलाच हसू येतंय.

पुण्यातला_गडी

दादा, तुमचं बरोबर आहे, पण फेटलिंगचे लेग गार्ड आणि टोपी यात फरक आहे.

कागलची_सुमी

दादा नाही, ताई. कोल्हापूरची बाई ‘मी येतो, मी जातो’च म्हणते. पुण्याला गेलं की विसरतंय का माणूस?

नादखुळा_७

😂😂 गडी गारद. पांढऱ्या रश्श्यात पडला.

पुण्यातला_गडी

ताई, माफी. मूळचा मी गडहिंग्लजचाच, लाज वाटली.

भरपाई म्हणून एक उपयोगाची गोष्ट सांगतो. मी चाकणला एका जपानी कंपनीत आहे. आमच्याकडं या विषयावर नागासाकीच्या गोदीचा खटला नेहमी निघतो. मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजची गोदी, जपानच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल मार्च २००० चा. प्रश्न जवळजवळ शिरोली_फाटा यांचाच. तिथल्या कामगारांना ठरवून दिलेल्या खोलीत कामाचे कपडे आणि संरक्षक साहित्य घालावं लागायचं, मग सकाळच्या कवायतीच्या जागी चालत जावं लागायचं, आणि पगार त्यानंतरच्या वेळेपासून.

कोर्टानं सकाळचे सरळ तुकडे पाडले. गेटपासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंतचं चालणं कामाचं नाही. खोलीत साहित्य घालणं कामाचं. तिथनं कवायतीच्या जागेपर्यंत चालणंही कामाचं. संध्याकाळी साहित्य उतरवणं कामाचं, पण त्यानंतरची आंघोळ नाही. कसोटी एकच, त्या वेळी माणूस मालकाच्या हुकमाखाली होता की नाही.

म्हणजे एकच माणूस, एकच सकाळ, एकाच आवारात दोनदा चालला. पहिलं चालणं त्याचं, दुसरं कंपनीचं.

रंकाळ्यावरचा

जपानचा निकाल शिरोलीत चालतो होय?

पुण्यातला_गडी

चालत नाही. पण विचार कसा करायचा ते कळतं. उलट बाजूही सांगतो, म्हणजे माझ्यावर एकतर्फी म्हणून आरोप नको. अमेरिकेत २०१४ साली गोदामातल्या कामगारांनी सुट्टी झाल्यावर झडतीच्या लायनीत उभं राहावं लागतं त्याचे पैसे मागितले होते. तिथल्या सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं. माल उचलून पॅक करणं हे त्यांचं काम, झडती हा त्या कामाचा भाग नाही, असं कारण दिलं. त्याच देशात १९५६ साली बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारांना मात्र कपडे बदलण्याचा आणि अंघोळीचा वेळ धरून मिळाला होता, कारण तिथं शिसं आणि अ‍ॅसिड होतं.

सिस्टर_मंगल

आमचं कोण विचारतंय? मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये आहे. ड्युटी आठला सुरू, पण ओव्हर घ्यायला साडेसातला यावं लागतं. एकेका पेशंटचं सलाईन, इंजेक्शन, यूरिन आउटपुट सगळं लिहून घ्यायचं. रात्रीची सिस्टर आठला सुटत नाही, सव्वाआठ होतात. म्हणजे दोघींचाही वेळ फुकट. एकदा ओव्हर न घेता आठला आले तर मेट्रनने सगळ्यांसमोर विचारलं, पेशंट मेला असता तर? याला काय उत्तर देणार? हा पण फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये येतो का?

टाइमऑफिस_निवृत्त

सिस्टर, हॉस्पिटल कारखान्यात मोडत नाही, त्यामुळं मी पुढं जी कलमं सांगणार आहे ती तुम्हाला जशीच्या तशी लागू होणार नाहीत. पण ओव्हर घेणं हे काम नव्हे असं म्हणायला फार धाडस लागेल. तुमच्या ओव्हर बुकात वेळ लिहिता का? लिहीत नसाल तर लिहायला लागा. तुमचा वेगळा धागा काढा, इथं हरवून जाईल.

शिरोली_फाटा

काका, तुम्ही विचारलं ते बघून आलो.

पगारपत्रकावर ‘लेट कमिंग’ असं कटिंगमध्ये येतं. गेल्या महिन्यात मला साडेतीनशे कट झाले. माझा बेसिक-डीए धरून १८,२०० आहे, दिवसाला सातशे पडतात. म्हणजे बरोबर अर्धा दिवस. तीन दिवसांत मिळून मी किती उशीर केला होता माहितीये? पाच मिनिटं, चार मिनिटं आणि सहा मिनिटं. तिन्ही दिवस आठच्या आत ग्राइंडरवर उभा होतो.

नोटीस बोर्डावर पिवळा पडलेला कागद आहे. जनरल शिफ्ट, काम सुरू ८.००, विश्रांती १२.०० ते १२.३०, काम बंद ४.३०. मॅनेजरची सही. पावणेआठचा उल्लेख नाही.

टाइमऑफिस_निवृत्त

मग आता बसून वाचा.

पगारातनं पैसे कापायला कायद्यानं मोजकीच कारणं दिली आहेत. त्यातलं एक म्हणजे गैरहजेरी. वेतन प्रदान अधिनियम १९३६, कलम ९. ते म्हणतं की ज्या वेळेत माणसानं कामाच्या जागी असायला हवं, त्या वेळेत तो नसेल तरच कापा. आणि दुसरं, जितका वेळ नव्हता तितक्याच प्रमाणात कापा. पंधरा मिनिटांना चार तास कापता येत नाहीत. तुमच्या सातशे रुपये दिवसाच्या हिशेबानं पंधरा मिनिटांचे बावीस रुपयांच्या आत बसतात.

पण खरी मजा पहिल्या भागात आहे. कंपनीनं ७.५० ला आलेल्या माणसाचे पैसे कापले. का कापले? तर तो ७.४५ ला कामाच्या जागी असायला हवा होता म्हणून. म्हणजे ७.४५ ही कामाची वेळ आहे, हे कंपनीनं स्वतःच्या पगारपत्रकावर छापून दिलं. तुम्ही काही सिद्ध करायची गरजच उरली नाही.

आता बोर्डावरचा कागद घ्या. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ६१ खाली तो लावावा लागतो आणि कलम ६३ सांगतं की त्या कागदाबाहेरच्या वेळेत माणसाला काम करायला लावू नका, करू देऊही नका. तर कंपनीला दोनपैकी एक निवडावं लागेल. ७.४५ कामाची वेळ नसेल तर लेट मार्कचे साडेतीनशे परत. कामाची वेळ असेल तर बोर्डावरचा कागद खोटा, आणि रोजच्या पाव तासाचा हिशेब द्या.

उद्यमनगरी साहेब, ज्याचे डोळे वाचणार त्याला पैसे कशाला, हा मुद्दा मी माझ्या काळात मॅनेजरांच्या तोंडून खूप ऐकला. पण कामगाराला माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देणं ही त्याच कायद्यात कलम ७-अ खाली भोगवटादाराची, म्हणजे तुमची, जबाबदारी आहे. तुमची जबाबदारी तुम्ही त्याच्या वेळेत पार पाडताय. आणि ते ऑडिटचं रजिस्टर, तारीख, वेळ, विषय आणि सह्यांसकट, हा कामगाराच्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा. तुम्हीच जपून ठेवलेला.

नादखुळा_७

काका मस्टर सांभाळत होते की बाँब?

रंकाळ्यावरचा

मग हिशेब मी करतो. रोज पाव तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे साडेसहा तास. तासाला ८७.५० रुपये. महिन्याला साधारण ५६९. वर्षाला ६,८०० च्या वर.

पुण्यातला_गडी

ओटी डबल असतो ना? मग ११३७.५० महिन्याला.

टाइमऑफिस_निवृत्त

दोघंही घसरलात, आणि इथंच बहुतेकांचे दावे घसरतात.

दुप्पट दर कलम ५९ चा. तो केव्हा लागतो? दिवसात ९ तासांच्या वर किंवा आठवड्यात ४८ तासांच्या वर काम झालं तर. महिन्याचा त्यात संबंधच नाही. हिशेब आठवड्याला मांडायचा, एकेका आठवड्याचा वेगळा.

शिरोली_फाटा यांची ड्युटी आठ ते साडेचार, जेवण वजा जाता बरोबर आठ तास. सहा दिवसांचे ४८. म्हणजे भांडं काठोकाठ भरलेलं आहे. त्यावर रोजचा पाव तास ओतला की आठवड्याला दीड तास बाहेर सांडतो, आणि तो सगळा दुप्पट दराचा. १७५ गुणिले दीड, २६२ रुपये ५० पैसे आठवड्याला.

पण ज्या आठवड्यात तुम्ही एक दिवस रजा घेतली, त्या आठवड्यात पाच दिवसांचे ४० तास आणि मीटिंगचा सव्वा तास, सव्वाएकेचाळीस. भांडं भरलंच नाही. त्या आठवड्याला दुप्पट शून्य. जादा वेळाचे साधे पैसे मागता येतील का, ते तुमच्या नेमणूकपत्रावर आणि करारावर ठरेल. सरसकट २६ नं गुणून कागद दिलात की समोरचा वकील पहिल्याच तारखेला रजेचं रजिस्टर काढतो आणि अख्खा दावाच फुगवलेला दिसायला लागतो. माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. मी तेव्हा रजिस्टर घेऊन कोर्टात गेलेला माणूस होतो, कंपनीच्या बाजूनं.

शिरोली_फाटा

काका, माझा धाकटा भाऊ याच कंपनीत मोल्डिंगला आहे. तो तीन पाळ्यांत फिरतो. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. त्याला पण पाव तास आधी बोलावतात. त्याचंही तेवढंच?

टाइमऑफिस_निवृत्त

नाही. त्याची पाळी आठ तासांची, पण त्यात अर्धा तास जेवणाचा. काम साडेसात तास, आठवड्याचे ४५. मीटिंगचा दीड तास धरला तरी साडेसेहेचाळीस. भांड्यात अजून दीड तासाची जागा आहे. कलम ५९ चा दुप्पट दर त्याला लागत नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच गेटनं आत जातात, एकच शपथ घेतात, आणि कायदा एकाला दुप्पट देतो, दुसऱ्याला नाही. त्यानं लेट मार्कचा कट मात्र जरूर मागावा. तो मुद्दा दोघांचा सारखाच.

उद्यमनगरी

हे बघा, हेच. मग मी जनरल शिफ्टचं जेवण पाऊण तासाचं केलं तर? काम पावणेआठ तास, मीटिंग पाव तास, झाले आठ. कुणाला काही द्यायला नको.

टाइमऑफिस_निवृत्त

करता येईल, पण रातोरात नाही. कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ बदलायची तर औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ खाली एकवीस दिवसांची नोटीस लागत होती. शिवाय बोर्डावरचा कागद बदलावा लागतो. आणि कागद बदलला की मीटिंग कामाच्या वेळेत आली, हे तुम्ही मान्य केलंतच की.

सांगली_पंचनामा

तुमची ही सगळी कलमं इतिहासजमा झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू आहेत. फॅक्टरी अ‍ॅक्ट, पेमेंट ऑफ वेजेस सगळे गेले.

टाइमऑफिस_निवृत्त

संहिता आल्या, मान्य. मी जुना माणूस, मला जुने नंबर तोंडपाठ आहेत. पण जादा कामाला दुप्पट दर संहितेतही आहे आणि गैरहजेरीच्या प्रमाणातच कपात हेही वेतन संहितेत आहे. एक गोष्ट तर कामगाराच्या फायद्याची झाली. पूर्वी वेतनाचा दावा बारा महिन्यांत टाकावा लागायचा, वेतन संहितेत ती मुदत तीन वर्षांची आहे. दावा कुठं, कोणत्या नमुन्यात टाकायचा हे मात्र सहायक कामगार आयुक्तांच्या कचेरीत जाऊन विचारा, माझ्या भरवशावर जाऊ नका.

शिरोली_फाटा

मीटिंगचं समजलं. कपड्यांचं राहिलं. ताईंना हसू आलं, मला समजतं. पण लेग गार्ड म्हणजे काय ते सांगतो. गुडघ्यापासनं बुटापर्यंत लेदर, मागं तीन पट्टे. काल घामानं भिजलेलं असतं, रात्रीतनं वाळून पुठ्ठ्यासारखं कडक होतं. पट्टा बकलातनं ओढायला दोन हात लागतात, वाकून, आणि खालचा पट्टा बुटाच्या आत जाता कामा नये, नाहीतर ठिणगी आत उतरते. माझ्या डाव्या घोट्यावर तशी एक खूण आहे. घाईत बांधला होता त्या दिवसाची. अ‍ॅप्रन, कानातलं, मास्क धरून दहा मिनिटं लागतात. साहित्य घरी न्यायला बंदी, गेटवर पिशवी बघतात.

कागलची_सुमी

हसलो ते माझ्या टोपीला, तुमच्या गार्डला नाही. आणि घरी न्यायला बंदी असेल तर मग ते तुमचे कपडे कुठं, ते तर हत्यार झालं. ग्राइंडर लावायला लागणारा वेळ कोण फुकट धरतं?

पुण्यातला_गडी

ताईंनी एका वाक्यात नागासाकीचा निकाल लिहिला.

टाइमऑफिस_निवृत्त

ताईंचा मुद्दा मला पटतो. घरनं घालून येता येतं की नाही, आणि न घालता मशीनवर उभं राहू देतात की नाही, हे दोन प्रश्न विचारले की बरंचसं सुटतं. पण प्रामाणिकपणे सांगतो, मीटिंगइतका हा दावा पक्का नाही. मीटिंगचं रजिस्टर आहे, लेट मार्क आहे. लॉकर रूममध्ये तुम्ही ७.३५ ला आलात की ७.४०, गार्ड बांधला की तंबाखू मळली, याची नोंद कुठंच नाही. मशीन गेटवर होतं तोवर निदान आत आल्याची वेळ तरी कळत होती. ते उगाच नाही हलवलं.

आणि चालण्याचं म्हणाल तर त्यावर मी एक रुपयाही लावणार नाही. आवारातनं खात्यापर्यंत जाणं म्हणजे कामावर येणंच, असं जवळपास कुणीही म्हणेल. जुन्या कायद्यात कलम १०३ होतं, काम चालू असताना कारखान्यात सापडलेला माणूस कामावरच आहे असं गृहीत धरणारं. काही पुढारी ते चालण्याला जोडतात. पण ते इन्स्पेक्टरनं धाड घातल्यावर ‘हा नुसता भेटायला आलाय’ असं मालकानं म्हणू नये म्हणून आहे, आणि मालकानं उलट सिद्ध केलं की गृहीतक संपतं.

रंकाळ्यावरचा

म्हणजे माझं पहिलं मत चुकलं म्हणायचं. पण सात मिनिटं जाताना, सात येताना, हे पटत नाही बुवा. गेट कुठं ठेवायचं हे कंपनीनं ठरवलं, कामगारानं नाही.

नादखुळा_७

भिंतीला भगदाड पाडा. खात्याच्या मागंच हायवे आहे.

उद्यमनगरी

चार दिवस विचार करून परत आलोय. राग येऊ देऊ नका, पण काकांचं ‘एक निवडा’ डोक्यातनं जाईना. मी पण लेट मार्क लावत होतो.

सोमवारपासनं मीटिंग आठला घेऊन बघितली. मेटलची अडचण होती ती भट्टीवाल्याला पहिला चार्ज पंधरा मिनिटं उशिरा टाकायला सांगून सुटली. भट्टीवर तिघंच असतात, ते सहाला येतात, त्यांची मीटिंग वेगळी त्यांच्या वेळेत. इतकं सोपं होतं आणि नऊ वर्षं मी मॅग्नेशियमचं कारण सांगत होतो. मीटिंग पण पंधराची आठ मिनिटांवर आली, कारण आता तो वेळ माझ्या खिशातनं जातोय ना. शपथ रोजची होती ती आठवड्यातनं एकदा केली.

नुकसान झालंच. दिवसाला सहा-सात मोल्ड कमी पडताहेत. ते रेटमध्ये मागायला गेलो तर समोरचा हसेल. त्यामुळं हे किती दिवस टिकेल, आत्ता सांगत नाही.

सिस्टर_मंगल

तुमच्याकडं नर्सची जागा आहे का? 🙂

शिरोली_फाटा

तीन आठवड्यांनी लिहितोय. आम्ही सतरा जणांनी सह्या करून एचआरला अर्ज दिला. काकांनी सांगितल्याप्रमाणे केस वगैरे शब्द नाही, नुसतं विचारलं की लेट मार्कचा कट कोणत्या वेळेच्या गैरहजेरीचा आहे ते लेखी कळवावं. खाली बोर्डावरच्या नोटिशीची तारीख लिहिली.

लेखी उत्तर आलं नाही. पण या पगाराला माझे साडेतीनशे परत आलेत, ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून. आणि बोर्डावर नवीन कागद लागलाय. सकाळची सुरक्षा सभा ऐच्छिक राहील, लेट मार्क ८.०० नंतरच धरला जाईल. पाव तासाच्या पैशाचं एक अक्षर नाही.

पहिल्या दिवशी पावणेआठला चौतीसपैकी अकरा जण लायनीत होते. सुपरवायझरनं कुणाला काही म्हटलं नाही, फक्त न आलेल्यांची नावं आपल्या डायरीत लिहिली. दुसऱ्या दिवशी सव्वीस जण होते. कंत्राटी पोरं तर पहिल्या दिवशी पण सगळी होती.

रजिस्टर नवीन आहे. वेळेचा रकाना काढून टाकलाय. मी सहीच्या खाली ७.४५ लिहितो. काल माझ्या पुढच्या दोघांनी पण लिहिलं.

टाइमऑफिस_निवृत्त

त्या डायरीत कुणाची नावं गेली, त्यांना पुढं ओटी किंवा सुट्टी मिळताना काय होतंय ते तारखेनिशी लिहून ठेवा. ऐच्छिक आहे का नाही ते कागदावरनं ठरत नाही. आणि पेन स्वतःचं न्या, मिटणारं नको.